मैत्रिणीच्या लेकीचा खो-खो संघ जिंकला: अभिनंदन कधी, कसं आणि कोणाकोणाचं करायचं

तालुका स्पर्धांचे निकाल लागले की आमच्याकडे एकच दृश्य दरवर्षी दिसतं. कोणीतरी संघाचा फोटो टाकतं, खाली पन्नास जणांचे हात जोडलेले आणि पुष्पगुच्छ, आणि संध्याकाळी जिंकलेल्या मुलीची आई मला म्हणते, "सगळ्यांनी अभिनंदन केलं गं, पण सामना कसा झाला ते एकीनंही विचारलं नाही." मी शाळेत असताना खो-खो खेळले, आता माझी मुलगी खेळते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या चुका पाहिल्यात. काही स्वतः केल्यात.

इथे उदाहरण 14 वर्षांखालील मुलींच्या तालुका स्पर्धेचं घेतलं आहे. मैत्रीण खेळाडूची आई आहे असं धरू. कबड्डी किंवा लेझीम असेल तर तपशील बदलतील, क्रम तोच राहील.

## 1. आधी गुणपत्रक वाचा, मग फोन उचला

जिंकले एवढंच कळलं असेल तर दहा मिनिटं थांबा. संघाबरोबर गेलेल्या कोणाकडून तरी तीन गोष्टी विचारून घ्या: अंतिम गुण काय, शेवटचं आक्रमण कोणाचं होतं, आणि मैत्रिणीची मुलगी कुठे खेळली.

खो-खोचा निकाल वाचणं अवघड नाही. प्रत्येक संघाला दोन वेळा आक्रमण आणि दोन वेळा संरक्षण मिळतं. लहान गटात एक आक्रमण सात मिनिटांचं असतं, मोठ्यांचं नऊ. आक्रमण करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी मधल्या पाटीवरच्या चौकोनांत आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी पळते. समोरच्या संघातल्या तिघी-तिघी तुकडीने मैदानात येतात. एक गडी बाद केला की एक गुण. म्हणजे गुण हे नेहमी आक्रमणाचे असतात आणि संरक्षण मिनिटांत मोजलं जातं. वर्तमानपत्रात नावापुढे "2.20 मि. संरक्षण, 1 गडी" असं येतं ते यामुळे. "एक डाव राखून" असं लिहिलं असेल, तर समोरच्यांना दोन्ही आक्रमणांत मिळून जितके गुण करता आले त्याहून जास्त आपल्या मुलींनी एकाच आक्रमणात केले.

आता आपलं उदाहरण. पहिल्या आक्रमणात आपल्या मुलींनी 6 गडी बाद केले, समोरच्यांनी 5. दुसऱ्या आक्रमणात आपले 5, म्हणजे एकूण 11. समोरच्यांना जिंकायला शेवटच्या सात मिनिटांत 7 हवे होते, त्यांना 4 मिळाले. निकाल 11-9. मैत्रिणीची मुलगी त्या शेवटच्या वेळी पहिल्या तुकडीत उतरली होती. तिची एक जोडीदार पन्नास सेकंदांत बाद झाली, ही 2 मिनिटं 20 सेकंद टिकली, आणि तिसरी चार मिनिटांच्या वर पळाली. त्याआधी आक्रमणात हिने एक गडी बाद केला होता.

हे वाचल्यावर एक गोष्ट लगेच लक्षात यायला हवी. "तुझ्या लेकीमुळेच जिंकले" हे वाक्य खोटं आहे. सगळ्यांत जास्त वेळ टिकली ती दुसरी मुलगी. हे मुलीला माहीत आहे, तिच्या आईलाही माहीत आहे. असं कौतुक ऐकून मूल खूश होत नाही, संकोचतं, आणि पुढच्या वेळी तुमचं खरं कौतुकही मनावर घेत नाही.

तपासा: मुलीने केलेली एक गोष्ट आणि संघाने केलेली एक गोष्ट तुम्हाला एका दमात सांगता येते का? येत नसेल तर अजून एक फोन करा.

## 2. वेळ

अंतिम सामना साधारण दुपारी संपतो. त्यानंतर बक्षीस समारंभ, फोटो, मग बारा-पंधरा मुलींना टेम्पोत बसवायचं, कोणाची बाटली राहिली, कोणाच्या गुडघ्याला लागलंय. मैत्रीण तिथे असेल तर याच धांदलीत असेल. त्या वेळी फोन केलात तर ती "हो हो, थँक्यू" म्हणून ठेवून देईल आणि तुमचं अभिनंदन तिथेच संपेल.

म्हणून: संध्याकाळपर्यंत दोन ओळींचा निरोप. रात्री जेवणं झाल्यावर फोन. भेट आठवड्याच्या आत, पण जिल्ह्याच्या सामन्याच्या आदल्या दिवशी नको. तालुका जिंकलेला संघ पुढे जिल्ह्याला जातो, तिथून विभाग आणि राज्य, आणि दोन फेऱ्यांमध्ये कधी कधी फारच थोडे दिवस मिळतात. मैत्रिणीला विचारूनच जा.

थांबा: शाळेच्या किंवा गल्लीच्या ग्रुपवर तुम्ही पहिल्यांदा बातमी टाकू नका. ते सरांना किंवा मुलींना करू द्या. शिवाय तालुका लहान असतो. हरलेल्या संघातल्या एखाद्या मुलीची आई त्याच ग्रुपमध्ये असते. "धूळ चारली", "धुव्वा उडवला" हे शब्द तिथे नकोत, तेही 11-9 च्या सामन्याला.

## 3. निरोप लिहिणं

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात म्हणून जरा सावकाश जाऊ. बहुतेकांचा निरोप असा असतो:

> हार्दिक अभिनंदन!! तुझी मुलगी खरंच स्टार आहे. अशीच प्रगती करत राहो. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

यात चुकीचं काही नाही, पण हाच निरोप दहावीच्या निकालाला, दुकानाच्या उद्घाटनाला आणि सरपंचाच्या निवडीलाही चालतो. "स्टार" म्हटल्याबरोबर बाकीच्या मुली गायब होतात. दुसरा, थोडा मेहनतीने लिहिलेला निरोप:

> अगं किती छान! शेवटपर्यंत तीच टिकली म्हणे. तुझ्या कष्टांचं चीज झालं!

हा जास्त धोक्याचा. माहिती ऐकीव आणि चूक, आणि मुलीचा विजय आईच्या खात्यावर जमा करून टाकलेला. मैत्रिणीला बरं वाटेल, पण हा निरोप ती मुलीला वाचून दाखवेल तेव्हा काय होईल याचा विचार करा. पहाटे पाचला उठून पळाली कोण?

आता तिसरा:

> अगं, 11-9 कळलं. शेवटच्या आक्रमणात त्यांना सात हवे होते आणि पोरींनी चारच दिले, सगळ्या तुकडीला शाबासकी सांग. तुझी लेक पहिल्या तुकडीत उतरून 2 मिनिटं 20 सेकंद पळाली, तेव्हा तू काय करत होतीस? डोळे मिटले होतेस ना? रात्री फोन करते, तिलाही दे.

यात क्रम बघा. आधी संघ, मग मुलगी, मग आई. मुलीचं कौतुक आहे पण ते खऱ्या आकड्यावर उभं आहे. सात मिनिटांतली 2 मिनिटं 20 सेकंद म्हणजे एक-तृतीयांश वेळ, ते सांगायला "स्टार" लागत नाही. आणि शेवटी आईला प्रश्न विचारलाय. उत्तर द्यायला तिच्याकडे काहीतरी आहे, त्यामुळे ती अंगठा पाठवून मोकळी होणार नाही, लिहायला बसेल.

"अशीच प्रगती" बरोबरच आणखी एक वाक्य गाळा: "आता थेट वर्ल्ड कप!" जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे महिला आणि पुरुष दोन्ही संघ जिंकले, महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. तेव्हापासून हे वाक्य फार ऐकू येतं. तेरा वर्षांच्या मुलीने आज तालुका जिंकलाय. तिला आजचा दिवस तरी पुरता मिळू द्या.

## 4. फोनवर मुलीशी बोलणं

मैत्रिणीशी बोलून झालं की फोन मुलीकडे मागा. आईच्या मार्फत "तिला सांग हं" म्हणणं म्हणजे पोस्टाने हात मिळवणं.

पहिला प्रश्न "किती आऊट केलेस?" हा नको. खो-खोत हा प्रश्नच अपुरा आहे. पळणारी आक्रमक मधली पाटी ओलांडू शकत नाही, एकदा दिशा पकडली की मागे फिरू शकत नाही. पलीकडे गेलेल्या गड्याला पकडायचं तर त्या बाजूला तोंड करून बसलेल्या मैत्रिणीला मागून खो द्यावाच लागतो. एक गडी बाद होण्याआधी असे कितीतरी खो दिलेले असतात. जिच्या हाताने गडी बाद झाला तिचं नाव लिहिलं जातं, पण त्या गड्याला दमवून खांबापर्यंत नेणाऱ्या चार-पाच जणींचं कुठेच लिहिलं जात नाही. जी बसून होती ती नुसती बसलेली नसते. खो मिळायच्या आधी उठली तर फाउल, उशिरा उठली तर गडी निसटला. सात मिनिटं उकिडवं बसून नेमक्या क्षणी उठायचं हे काम आहे.

म्हणून विचारा: "तू बाद केलेला तो गडी, त्याच्या आधी खो कोणी दिला होता?" मुलगी लगेच नाव सांगते आणि मग सबंध प्रसंग सांगते. हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारते, आणि कोणत्याही मुलीला नाव आठवलं नाही असं आजवर झालेलं नाही.

दुसरा प्रश्न संरक्षणाचा: "साखळी करत होतीस की खांबाजवळ थांबलीस?" बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळण्याला साखळी म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे म्हटल्यावर तिचा आवाजच बदलतो. माहीत नसेल तर उसनं ज्ञान नको. "मला खो-खोतलं फारसं कळत नाही, तू कशी पळालीस ते सांग" हेही तितकंच चांगलं.

थांबा: "आता अभ्यासाकडे लक्ष दे हं" हे वाक्य फोनवर येऊ देऊ नका. आजोबांनी म्हटलं तर आपण काही करू शकत नाही. पण तुम्ही नको.

## 5. राखीव खेळाडूची आई

मैत्रिणीची मुलगी अंतिम सामन्यात मैदानात उतरलीच नसेल तर? लोक दोन टोकं गाठतात. एक तर विषयच काढत नाहीत, किंवा "पुढच्या वेळी नक्की संधी मिळेल" म्हणून सांत्वन करतात, जणू काही दुखवटाच आहे.

इथे साधा हिशोब कामाला येतो. सरावाला आक्रमणाच्या नऊ जणी आणि समोर पळायला तिघी, म्हणजे किमान बारा जणी लागतात. नऊ जणींचा संघ स्वतःशी सराव करूच शकत नाही. पहिल्या नऊ जणींना रोज पळवलं ते राखीव मुलींनी. तेव्हा तिला म्हणा, "सरावात तुम्ही यांना किती दमवलंत ते सर सांगत होते." सर खरंच तसं म्हणाले असतील तरच. नसतील तर सरांना फोन करून विचारा, चांगले सर आनंदाने सांगतात. आणि पदक राखीव मुलींनाही मिळालं असेल तर ते बघायला मागा, हातात घ्या.

"तू खेळलीस का?" हा प्रश्न मात्र माहीत नसताना कधीही विचारू नका. पहिल्या टप्प्यातली ती दहा मिनिटं याचसाठी आहेत. मी एकदा न विचारता फोन केला होता, आणि पलीकडे जी शांतता पसरली ती अजून आठवते.

## 6. मैत्रिणीचा वाटा, वेगळा आणि नंतर

आईबापांचे कष्ट सांगायचेच, पण मुलीसमोर आणि त्याच वाक्यात नकोत. मुलगी बाजूला गेली की मैत्रिणीला सांगा.

"तू फार केलंस" म्हटलं की ती "छे गं, माझं काय त्यात" म्हणणार, हे ठरलेलं. त्यावर "नाही नाही, तुझंच सगळं" असा वाद घालू नका. एक डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट ठेवा: "जून-जुलैत रोज सकाळी साडेपाचला तुझ्या स्कूटीचा आवाज यायचा. मी कूस बदलून झोपायचे." नाहीतर लाल मातीने माखलेले मोजे, किंवा सामन्याच्या दिवशी तीन मुलींचे डबे करून दिले ते. पाहिलेल्या गोष्टीला "छे" म्हणता येत नाही.

बाबा मैदानावर चुना टाकायला जात असतील तर त्यांनाही वेगळा निरोप. ते बहुधा कोणी पाठवत नाही.

सरांचं अभिनंदन तुम्ही पालक नसलात तरी करता येतं, फक्त छोटं ठेवा:

> सर, नमस्कार. मी अमुकच्या आईची मैत्रीण. अंतिम सामन्याचा निकाल कळला. शेवटच्या आक्रमणात मुलींनी इतका दम राखला, त्यामागे तुमचा सराव आहे हे दिसलं. संपूर्ण संघाचं आणि तुमचं अभिनंदन.

## 7. पेढे, भेटवस्तू आणि फोटो

पेढे न्यायचे तर संघाच्या हिशोबाने. मुली, सर, मदतीला आलेले पालक आणि शाळेचे शिपाईकाका धरून पंचवीसेक माणसं होतात. पंचवीस ग्रॅमचा पेढा धरला तर किलोत चाळीस बसतात, एक किलो पुरेसा. मैदानावर नेणार असाल तर सराव संपल्यावर वाटा, आधी नाही. पेढे खाऊन कोणी साखळी पळत नाही.

एकट्या मुलीला पाकीट देऊ नका. निदान संघासमोर तरी. दुसऱ्या दिवशी "तुला किती मिळाले?" ही चर्चा सरावाला सुरू होते आणि ती मिटवायला सरांना दोन दिवस जातात. काही द्यायचंच असेल तर सरांना विचारा. उत्तर बहुधा साधं असतं: गुडघ्याचे पट्टे, क्रेप बँडेज, चुन्याची पिशवी, पाण्याचा जार, किंवा जिल्ह्याला जायच्या गाडीच्या डिझेलला हातभार. बूट मात्र विचारल्याशिवाय नको. मातीच्या मैदानावर बऱ्याच मुली अनवाणी खेळतात, आणि ज्या बूट घालतात त्यांना सामन्याच्या तोंडावर नवे बूट चावतात.

फोटोबद्दल एकच, पण कडक. संघाच्या फोटोतून मैत्रिणीची मुलगी कापून काढून स्टेटसला लावू नका. शेजारच्या मुलीचा अर्धा खांदा त्यात दिसतोच, आणि तो खांदा जिचा आहे ती स्टेटस पाहते. सबंध फोटो लावायचा तर बाकीच्या मुलीही कोणाच्या तरी लेकी आहेत, मैत्रिणीकडून शाळेची आणि पालकांची हरकत नाही ना हे विचारून घ्या. शाळेचं नाव, मुलीचं पूर्ण नाव आणि सरावाची वेळ एकाच पोस्टमध्ये कधीच नको.

## 8. सोसायटीत किंवा गल्लीत सत्कार ठरला तर

असा सत्कार बहुतेक वेळा तुमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलीचा ठरतो. शक्य असेल तर सगळ्या संघाला बोलवा. शक्य नसेल तर निदान सर आणि कर्णधार. नावांची यादी सरांकडून लेखी घ्या, उच्चार विचारून घ्या, आणि जर्सीच्या क्रमांकाने पुकारा. त्यामुळे कोण आधी कोण नंतर याचा प्रश्नच उरत नाही. औक्षणाला एकीपेक्षा जास्त तबकं ठेवा, नाहीतर पंधराव्या मुलीपर्यंत निरांजन विझतं.

भाषण एकच, तेही सरांचं. वीस मिनिटांत आटपा. फ्लेक्स करायचा मोह झालाच तर त्यावर संघाचा फोटो वरच्या शुभेच्छुकांपेक्षा मोठा आहे ना, एवढं छापखान्यात पाठवण्याआधी बघा.

## 9. जिल्ह्याच्या आदल्या दिवशी

तारीख आधीच लिहून ठेवा. आदल्या संध्याकाळी मैत्रिणीला एवढंच विचारा: "उद्या किती वाजता निघताय? डब्याचं बघू का?" जिंकून या, आमची मान उंचावा, असलं काही नको. हरल्या तरी क्रम तोच: आधी गुणपत्रक, मग रात्रीचा फोन, आणि मुलीला तोच प्रश्न, खो कोणी दिला होता.